व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये फेरफार झालाय का? असं ओळखा

समजा, दुकानगाळ्याच्या डिपॉझिटवरून वाद झालाय. भाडेकरू आपल्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट पुढे करतो. त्यात मालकाचा मेसेज आहे : 'रक्कम ५० हजार मिळाले'. मालक म्हणतो, मी ५ हजार लिहिलं होतं. आता बघायचं कुठे?

आधी चित्र मोठं करून मेसेजची चौकट पाहावी. व्हॉट्सॲपमध्ये चौकट मजकुराच्या मापाने आपोआप रुंद होते आणि वेळ उजव्या कोपऱ्यात खाली येते. मागाहून शून्य घुसवलं, तर पुढचे शब्द दाटीवाटीने बसतात किंवा वेळेला चिकटतात. शून्याची जाडी, उंची शेजारच्या ५ शी जुळत नाही. त्याच्याभोवती रंगाचा पुसट चौकोनही दिसू शकतो.

पूर्ण वाक्य नव्याने टाईप केलं असेल तर मराठी अक्षरंच चुगली करतात. फोटो एडिट करणाऱ्या काही प्रोग्राममध्ये देवनागरीची सोय नीट नसते. मग 'मिळाले'मधली वेलांटी म च्या आधी न येता नंतर पडते, 'रक्कम'मधलं जोडाक्षर सुटून क चा पाय मोडलेला दिसतो. तुलना मात्र त्याच स्क्रीनवरच्या दुसऱ्या मराठी मेसेजशी करावी, कारण फोनगणिक फॉन्ट बदलतो. फॉरवर्ड होऊन आलेलं चित्र अख्खं धूसर असतं, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. एकच शब्द धूसर असेल तर संशय घ्यावा.

निळ्या टिक फक्त आपण पाठवलेल्या, म्हणजे उजवीकडच्या मेसेजवर येतात. भाडेकरूच्या फोनमध्ये मालकाचा मेसेज डावीकडे असणार. त्यावर टिक दिसली, की मामला बनावट. एकाच चॅटमध्ये कुठे 10:42 pm आणि कुठे 22:45 असं दिसलं, तरी तेच समजावं.

पण या सगळ्या खुणा नवख्याच्या हातच्या. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडून ब्राउझरमध्येच मेसेजचे शब्द तात्पुरते बदलता येतात. तिथे फॉन्ट आणि अंतर अगदी अस्सल दिसतं, कारण ते ब्राउझरनेच मांडलेलं असतं. दुसऱ्याच कुणाचा नंबर मालकाच्या नावाने सेव्ह केला, तर खोटं संभाषणसुद्धा खऱ्या स्क्रीनशॉटमध्ये बसतं. नाव फोनवाल्याने दिलेलं असतं, व्हॉट्सॲपने नाही.

म्हणून चित्रावर वाद घालत बसू नये. दोघांनी आपापल्या मोबाईलवर मूळ चॅट उघडावं, वरच्या नावावर टिचकी मारून नंबर बघावा, तो मेसेज दोन्हीकडे ताडून पाहावा. मालकाकडे '५ हजार' आणि भाडेकरूकडे '५० हजार' निघालं, तर बँकेचं स्टेटमेंट काढावं. प्रकरण कोर्टात गेलंच, तर नुसती प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे निकाल लागेपर्यंत मूळ चॅट डिलीट करू नये, फोनही विकू नये.