‘न्यूटन कोसळला’ हे बातमीत नेमकं कुठं होतं?

माझ्या हातून गेलेला एक मथळा अजून आठवतो. धरणाच्या भिंतीतून होणारी गळती वाढली आहे, पावसाळ्याआधी दुरुस्ती करावी, असा अभियंत्यांचा अहवाल होता. बातमी मी नऊशे शब्दांची, नीट लिहिली. वर मात्र दिलं: ‘धरण फुटीच्या उंबरठ्यावर!’ त्या रात्री खालच्या गावातली काही मंडळी गाठोडी बांधून पाहुण्यांकडे गेली. बातमीत ‘फुटी’ हा शब्द एकदाही नव्हता. लोकांनी नऊशे शब्द वाचलेच नाहीत, तीन वाचले.

तेव्हापासून 1919 चा एक मथळा मी नव्या पोरांना आवर्जून दाखवतो.

त्या वर्षी 29 मे रोजी खग्रास सूर्यग्रहण होतं. इंग्रज शास्त्रज्ञांच्या दोन तुकड्या फोटो घ्यायला गेल्या, एक ब्राझीलमधल्या सोब्रालला, दुसरी आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो, एवढंच मोजायचं होतं. न्यूटनच्या हिशेबाने 0.87 विकला, आइन्स्टाइनच्या हिशेबाने 1.75. अडीच सेंटीमीटरचं नाणं तीन किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढा हा दुसरा आकडा. म्हणजे भांडण त्याच्याही निम्म्याचं!

6 नोव्हेंबरला लंडनमध्ये रॉयल सोसायटी आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संयुक्त सभेत निकाल सांगितले गेले. सोब्रालच्या एका दुर्बिणीचं माप 1.98, प्रिन्सिपेचं 1.61. सोब्रालच्याच दुसऱ्या दुर्बिणीचं माप मात्र 0.93, म्हणजे न्यूटनकडे झुकणारं. तिच्या फोटोत तारे अस्पष्ट आले होते, म्हणून ते माप बाजूला ठेवलं गेलं. सभेत एकाने भिंतीवरच्या न्यूटनच्या तसबिरीकडे बोट दाखवून बजावलंही, की या माणसाच्या नियमाला हात लावताना जपून. सूर्याच्या वर्णपटातला आइन्स्टाइनने सांगितलेला बदल अजून सापडलेला नाही, हाही त्याचा आक्षेप होता.

दुसऱ्या दिवशी लंडनच्या ‘टाइम्स’ने एकाखाली एक तीन ओळी दिल्या: विज्ञानात क्रांती, विश्वाचा नवा सिद्धांत, न्यूटनच्या कल्पना कोसळल्या.

आता एकेक ओळ घेऊन सभेत बसलेल्या माणसाला विचारा, हे कोण म्हणालं? ‘नवा सिद्धांत’ चालेल. ‘क्रांती’ हे मत आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ त्या दिवशी भारावून बोलले होते, पण मग मत कुणाचं ते सांगायला हवं. ‘कोसळल्या’ला मात्र सभेतल्या मापांचा आधार नाही. मापं एवढंच सांगत होती, की प्रकाशाचं वाकणं आइन्स्टाइनच्या आकड्याजवळ जातं. मथळ्यात खोटेपणा बहुतेक वेळा क्रियापदातून शिरतो. माझ्या ‘उंबरठ्यावर’मध्ये तर क्रियापदच नव्हतं, तरी शिरलाच!

तीन दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आणखी मजा केली. आकाशात दिवे वेडेवाकडे झाल्याचं लिहिलं, आणि खाली धीरही दिला, की कुणी काळजी करू नये. (बातमी देणारा त्यांचा माणूस मूळचा गोल्फचा वार्ताहर होता म्हणे. त्याला हसू नका, आमच्याकडे कुस्तीवाला अर्थसंकल्प लिहितो.) दिवे वेडेवाकडे झालेच नव्हते. तारे जागच्या जागी होते, दिसत तेवढे सरकलेले होते. ‘सरकले’ आणि ‘सरकलेले दिसले’ यांत एका शब्दाचा फरक आहे, आणि नेमका तोच शब्द जागा पुरत नाही म्हणून कापला जातो.

मग मी काय दिलं असतं? पहिला प्रयत्न: ‘आइन्स्टाइन खरा ठरला’. हा खोडतो, कारण एक माप वेगळं आहे आणि वर्णपटाचा पुरावा बाकी आहे. दुसरा: ‘सूर्याजवळ प्रकाश वाकतो’. बरोबर आहे, पण बातमी निसटली. वाकणं दोन्ही हिशेबांत होतंच, प्रश्न किती हा होता. तिसरा: ‘ग्रहणातली मापं आइन्स्टाइनच्या आकड्याजवळ’. खाली बारीक अक्षरात: ‘एका दुर्बिणीचं माप वेगळं; वर्णपटाचा पुरावा अजून नाही’. ‘ठरला’च्या जागी ‘जवळ’ आलं. मथळा थोडा मिळमिळीत झाला हे मान्य. पण सभेतून उठून आलेला माणूस तो वाचून ‘असं कुठं म्हणालो?’ असं विचारणार नाही.

गंमत पुढे आहे. 28 नोव्हेंबरला खुद्द आइन्स्टाइनचा लेख त्याच ‘टाइम्स’मध्ये आला. ज्याच्या नावाने न्यूटनला पाडलं होतं, त्यानेच लिहिलं की या किंवा दुसऱ्या कुठल्याही सिद्धांताने न्यूटनचं थोर काम बाद होईल असं कुणी समजू नये.

धरणाच्या वेळी मीही दुसऱ्या दिवशी खुलासा छापला होता. आतल्या पानावर, चार ओळींचा.