पीएमटी फंक्शन आणि कर्जाचा मासिक हप्ता

पीएमटी हे स्प्रेडशीटमधील एक वित्तीय फंक्शन असून, स्थिर व्याजदराने घेतलेले कर्ज समान हप्त्यांत फेडावयाचे झाल्यास प्रत्येक हप्ता किती येईल, हे त्यातून कळते. एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स या तिन्हींत ते `PMT` याच नावाने आहे. त्याला व्याजदर, हप्त्यांची संख्या आणि कर्जाची मूळ रक्कम या तीन गोष्टी लागतात. दर आणि हप्त्यांची संख्या एकाच कालमापनात असली पाहिजेत, ही या फंक्शनची मुख्य अट होय. दर दरमहाचा असेल तर संख्याही महिन्यांची हवी. ही अट मोडली, तरी स्प्रेडशीट चुकीचा इशारा देत नाही. ती निमूटपणे एक आकडा दाखवते. त्यामुळे उत्तर पारखण्याचे काम वापरणाऱ्यावरच पडते.

## स्वरूप

फंक्शनच्या मागे पुढील सूत्र आहे. यात `P` म्हणजे मुद्दल, `r` म्हणजे एका कालखंडाचा दर आणि `n` म्हणजे कालखंडांची संख्या.

```
P*r/(1-(1+r)^-n)
```

सूत्रात महिना किंवा वर्ष यांचा कोठेही उल्लेख नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. `r` ज्या कालखंडाचा, तोच कालखंड `n` वेळा येतो, एवढेच त्याला ठाऊक असते. भारतातील बँका गृहकर्जाचा दर वार्षिक सांगतात आणि मासिक आकारणीसाठी त्याला १२ने भागतात. म्हणून दर भागिले १२ आणि वर्षे गुणिले १२, असे दोन्ही बदल करावे लागतात. एकच केला, तर हिशेब बिघडतो.

## उदाहरण

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार भागात सदनिका घेण्यासाठी एखाद्या कुटुंबाने ३० लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के वार्षिक दराने २० वर्षांसाठी घेतले, असे समजू. सूत्र असे लिहावे :

```
=PMT(9%/12, 20*12, -3000000)
```

उत्तर २६,९९१.७८ रुपये येते. मुद्दलापुढे उणे चिन्ह दिले नाही, तर हाच आकडा उणे येतो. कारण हाती येणारी रक्कम अधिक आणि हातातून जाणारी उणे, असा या फंक्शनचा संकेत आहे. बँक हा आकडा साधारणतः पूर्ण रुपयांत घेते आणि राहिलेला किरकोळ फरक शेवटच्या हप्त्यात मिटवते.

उत्तर पारखण्याची एक सोपी रीत आहे. पहिल्या महिन्याचे व्याज ३० लाखांवर ०.७५ टक्के, म्हणजे २२,५०० रुपये. हप्ता याहून मोठा नसेल, तर मुद्दल कधीच कमी होणार नाही. दुसरीकडे, मुद्दलाचे २४० समान भाग केले, तर एक भाग १२,५०० रुपयांचा होतो. त्यात पहिल्या महिन्याचे व्याज मिळवले की ३५,००० होतात. समान हप्ता याहून कमीच असतो, कारण पुढे व्याज घटत जाते. म्हणजे खरे उत्तर २२,५०० आणि ३५,००० यांच्या मध्येच असले पाहिजे.

## एककांच्या चुका

केवळ मुदतीचे महिने केले आणि दर वार्षिकच ठेवला (`=PMT(9%,240,-3000000)`), तर उत्तर जवळपास नेमके २,७०,००० येते. ही ३० लाखांवरील वर्षाच्या व्याजाची रक्कम आहे. दर महिन्याला ९ टक्के व्याज लागते, असे फंक्शनने मानले आणि त्या दराने २४० महिन्यांत मुद्दलाचा वाटा नगण्य उरला. याउलट दर भागला, पण मुदत २०च ठेवली, तर सुमारे १ लाख ६२ हजार येतात. हा २० वर्षांचा नव्हे, २० महिन्यांचा हप्ता होय. टक्क्याचे चिन्ह विसरून `9/12` लिहिले, तर हप्ता २२,५०,००० रुपयांवर जातो. हे आकडे इतके अवाढव्य आहेत की चूक आपोआप उघडी पडते.

खरी फसगत करते ती चौथी चूक : दोन्ही आकडे वार्षिकच ठेवून आलेले उत्तर शेवटी १२ने भागणे.

```
=PMT(9%, 20, -3000000)/12
```

यात दर आणि मुदत परस्परांशी जुळतात, म्हणून नियम पाळल्यासारखा वाटतो. उत्तर २७,३८६.६२ येते आणि ते वरच्या मर्यादांतही बसते. पण ते योग्य हप्त्यापेक्षा ३९४.८४ रुपयांनी जास्त आहे. २४० महिन्यांत हा फरक सुमारे ९४,७६० रुपये होतो. कारण असे, की हे सूत्र वर्षातून एकच हप्ता वर्षाअखेरीस भरला जातो, असे मानते. प्रत्यक्षात कर्जदार दरमहा भरतो आणि त्याचे मुद्दल महिन्यागणिक घटते.

हा आकडा निव्वळ काल्पनिक नाही. पूर्वी काही गृहवित्त संस्था वार्षिक शिल्लक पद्धतीने व्याज आकारीत. हप्ते दरमहा घेतले जात, पण मुद्दल वर्षातून एकदाच कमी केले जाई. त्या पद्धतीचा हप्ता असाच निघतो. दर कागदावर ९ टक्केच राहतो. पण मासिक हिशेबाने पाहता हे कर्ज सुमारे ९.२ टक्क्यांना पडते. तेव्हा छापील हप्ता आणि आपला हप्ता यांत काही शे रुपयांचा फरक दिसल्यास प्रथम हीच शंका घ्यावी. ती `NPER` फंक्शनने पडताळता येते :

```
=NPER(9%/12, -27386.62, 3000000)
```

उत्तर २४० यावयास हवे होते, ते २३०.६७ येते. मासिक घटत्या शिलकीवर हे कर्ज २३१व्या हप्त्यातच फिटले असते. पुढचे ९ हप्ते जादा आहेत.

## मासिक दराने दिलेले कर्ज

खासगी देवघेवीत व्याज अनेकदा ‘महिना शेकडा दीड’ असे बोलले जाते. असा दर मुळातच मासिक असल्याने त्याला १२ने भागावयाचे नसते. दोन लाख रुपये तीन वर्षांसाठी घेतल्यास सूत्र `=PMT(1.5%,36,-200000)` असे होते आणि हप्ता ७,२३०.४८ येतो. सवयीने १२ने भागल्यास सुमारे ५,६८५ येतात. हा आकडा गोड वाटतो. परंतु त्याने तीन वर्षांचे एकूण व्याज अवघे ४,६०० ते ४,७०० रुपये ठरते, आणि पहिल्या एका महिन्याचेच व्याज तर ३,००० असते.

## मर्यादा

पीएमटी दर स्थिर मानते. बदलत्या दराच्या कर्जात दर बदलला की शिल्लक मुद्दल आणि उरलेले महिने घेऊन हिशेब पुन्हा मांडावा लागतो. वरील कर्जात पाच वर्षांनी सुमारे २६,६१,२०० रुपये शिल्लक राहतात. तेव्हा दर ९.५ टक्के झाला आणि मुदत तीच ठेवली, तर `=PMT(9.5%/12,180,-2661200)` याचे उत्तर सुमारे २७,७८९ येते. येथे १८०च्या जागी मूळचे २४० राहून जाणे, ही नेहमीची चूक.

बांधकाम चालू असलेल्या सदनिकेसाठी कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते, आणि पूर्ण रक्कम मिळेपर्यंत पुष्कळदा केवळ व्याज भरले जाते. त्या काळाला हे सूत्र लागू नाही. प्रक्रिया शुल्क व विमाही त्यात येत नाहीत. हे खर्च धरून निघणारा वार्षिक दर आणि हप्त्यांचे वेळापत्रक, १ ऑक्टोबर २०२४पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी, बँकेने कर्जदाराला मुख्य तथ्य विवरणात द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या वेळापत्रकातील पहिल्या ओळीत व्याज २२,५०० आणि मुद्दल सुमारे ४,४९२ दिसले, तर वरील उदाहरणातील आकारणी मासिक आहे, असे समजावे.