अल्फा आणि बीटा: हुशारी कुणाची, बाजाराची की मॅनेजरची?

आज 1968 सालच्या एका शोधनिबंधाची गोष्ट सांगणार आहे. पण आधी माझी एक चूक सांगतो, म्हणजे त्या निबंधाचं मोल लवकर कळेल.

2007 च्या अखेरीस बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतले दोन लाख मी एका इक्विटी फंडात घालायला लावले. कारण साधं होतं. 2005 ते 2007 या तीन वर्षांत सेन्सेक्स वर्षाला सरासरी 45 टक्क्यांनी वाढला होता आणि हा फंड 55 टक्क्यांनी. "बाबा, हा मॅनेजर बाजाराला दरवर्षी दहा टक्क्यांनी हरवतोय," असं मी सांगितलं. बाबांनी विचारलं, "पण कशाच्या जोरावर?" मला उत्तर देता आलं नाही. 2008 मध्ये सेन्सेक्स सुमारे 52 टक्के पडला, आणि बाबांच्या दोन लाखांचे साठ हजार उरले.

"कशाच्या जोरावर?" हाच प्रश्न अमेरिकेत 1960 च्या दशकात विचारला जात होता. तोवर म्युच्युअल फंडांची तुलना सरळ परताव्यावर व्हायची. ज्याचा परतावा जास्त, तो मॅनेजर हुशार. 1964 मध्ये विल्यम शार्प यांनी शेअरच्या किमतीकडे बघण्याची एक नवी रीत मांडली. तिचा गाभा असा: प्रत्येक शेअर बाजाराबरोबर हलतो, पण सगळे सारखेच हलत नाहीत. बाजार एक टक्का हलला की तुमचा पैसा किती हलतो, त्या आकड्याला आपण बीटा म्हणतो. बीटा 1.3 असेल तर बाजार दहा टक्के चढल्यावर तुम्ही साधारण तेरा टक्के चढता, आणि पडतानाही तेरा टक्के पडता. जास्त बीटा घ्यायला अक्कल लागत नाही, फक्त धोका पत्करायची तयारी लागते.

रॉचेस्टर विद्यापीठातल्या मायकेल जेन्सन यांनी ही रीत फंडांना लावली. त्यांचा निबंध 1968 मध्ये 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये छापला गेला. त्यांनी 1945 ते 1964 या काळातले 115 फंड घेतले. पद्धत कागदावर काढून बघण्यासारखी आहे. आडव्या रेषेवर बाजाराने सुरक्षित सरकारी व्याजापेक्षा त्या वर्षी किती जास्त दिलं ते मांडा, उभ्या रेषेवर फंडाने किती जास्त दिलं ते. प्रत्येक वर्षाचा एक ठिपका. सगळ्या ठिपक्यांच्या मधून जाणारी सरळ रेषा ओढा. रेषेचा चढ किती तीव्र, तो बीटा. आणि बाजाराने जादा काहीच दिलं नाही अशा जागी ही रेषा शून्याच्या किती वर किंवा खाली असते, तो अल्फा. म्हणजे बाजाराचं देणं बाजाराला देऊन झाल्यावर मॅनेजरच्या पदरात जे उरतं, ते.

आता हाच हिशोब बाबांच्या फंडाला लावू. सुरक्षित व्याज सात टक्के धरा. सेन्सेक्सने 45 दिले, म्हणजे व्याजाहून 38 जास्त. फंडाचा बीटा होता 1.3. अडतीसला 1.3 ने गुणलं की साधारण 49 येतात, त्यात सातचं व्याज मिळवलं की 56. म्हणजे काहीही हुशारी न दाखवता, नुसता तेवढा धोका घेऊन 56 टक्के मिळायला हवे होते. फंडाने दिले 55. अल्फा उणे एक! ज्याला मी दहा टक्क्यांची कमाल समजत होतो, ती चढत्या बाजाराची कमाल होती. 2008 मध्ये बाजार उलटला आणि त्याच 1.3 ने आम्हाला बाजाराहून खोल नेलं.

जेन्सनना काय सापडलं? त्यांच्या फंडांचा सरासरी बीटा 0.84 निघाला, म्हणजे ते बाजारापेक्षा सावध होते. त्यामुळे त्यांना थेट निर्देशांकाशी ताडून बघणं त्यांच्यावरच अन्याय ठरला असता. बीटाने त्यांची बाजू सांभाळून घेतली. तरीही खर्च वजा जाता सरासरी अल्फा वर्षाला उणे 1.1 टक्का आला. आकडा किरकोळ वाटतो, पण वीस वर्षं तो साचत गेला तर हाती येणाऱ्या रकमेतला सुमारे पाचवा हिस्सा जातो. बचावासाठी कुणी म्हणेल, फंड चालवायला खर्च येतोच. जेन्सननी तो खर्च परत मिळवूनही पाहिला. तरी सरासरी उणे 0.4 टक्के उरलीच.

मग एकही हुशार मॅनेजर नव्हता का? इथेच नीट थांबायला हवं. काही फंडांचा अल्फा शून्याच्या वर होता. पण 115 जणांनी नाणी उडवली तरी काहींची ओळीने छापाची बाजू पडतेच. निव्वळ नशिबाने किती जण चमकतील याचा अंदाज काढता येतो, आणि खरोखर ठळकपणे चमकलेले फंड त्या अंदाजापेक्षा जास्त नव्हते.

या मोजमापाला मर्यादाही आहेत. समजा एखाद्या मॅनेजरचा खरा अल्फा वर्षाला दोन टक्के आहे, पण बाजाराशी संबंध नसलेली त्याच्या फंडाची वरखाली सहा टक्क्यांची आहे. तर हे नशीब नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणायला साधारण 36 वर्षं लागतात. तेवढ्यात मॅनेजर निवृत्त होईल! म्हणून तीन वर्षांचा अल्फा दाखवून कुणी हुशारी सिद्ध करत असेल, तर तो फार थोड्या पुराव्यावर बोलतोय.

दुसरी मेख मापदंडात असते. मी मघाशी सेन्सेक्सचा 45 टक्के आकडा वापरला, त्यात कंपन्यांनी वाटलेला लाभांश नाही. फंडाला मात्र तो मिळतच असतो. बाजारात वर्षाचा दीड टक्का लाभांश धरा आणि हिशोब पुन्हा करा: अपेक्षा 58 च्या पुढे जाते, आणि फंडाचा अल्फा उणे तीनच्याही खाली. आपल्याकडे हा झोल बराच काळ चालला. फेब्रुवारी 2018 पासून सेबीने फंडांना लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टोटल रिटर्न इंडेक्सशी, तुलना करायला लावली. त्या बदलाने एकाही मॅनेजरची अक्कल कमी झाली नाही, पण कित्येकांचा कागदावरचा अल्फा उतरला. तसंच छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडाला सेन्सेक्सशी ताडलं, तर छोट्या कंपन्यांच्या तेजीचं श्रेयही मॅनेजरच्या खात्यावर जमा होतं.

बाबांनी नंतर कधी तो विषय काढला नाही. मी मात्र आता फंडाचा परतावा बघण्याआधी तीन गोष्टी बघतो: तुलना कुठल्या निर्देशांकाशी केली आहे, तो लाभांशासह आहे का, आणि बीटा किती आहे. मग कागद-पेन घेऊन वरचा गुणाकार करतो. दोन मिनिटं लागतात. 2007 मध्ये तेवढीच दोन मिनिटं दिली असती, तर बाबांच्या प्रश्नाला उत्तर असतं: बाजाराच्या जोरावर.