पानैच्या गळ्यापर्यंत

तमिळनाडूत मार्गळी महिन्यात लग्नं लावत नाहीत. आपली संक्रांत ज्या दिवशी, त्याच दिवशी त्यांचा तै महिना लागतो, आणि तै लागला की सगळ्या वाटा मोकळ्या होतात अशी तिथली जुनी समजूत आहे. त्यामुळे मार्गळी संपत आला की भांड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. कुणाला लग्नाचा संसार घ्यायचा असतो, कुणाला ‘सीर’ पाठवायचं असतं. लेकीचं लग्न झाल्यावरचा पहिला पोंगल तो ‘तलै पोंगल’. त्या वर्षी माहेराहून तिच्या सासरी तांदूळ, गूळ, पानांसकट हळदीची रोपं, उसाची मोळी, कपडे आणि या सगळ्यात वर मिरवणारं पोंगलचं भांडं जातं. त्या भांड्याला म्हणतात पानै. बुडाला गोल, पोटाला फुगीर, गळ्याशी आवळलेलं आणि काठाला बाहेर वळलेलं.

चेन्नईत एका जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याचं काम मी करत होते, तेव्हा भांड्यांच्या एका कंपनीची पोंगलची ऑफर माझ्याकडे आली. कुकरवर सूट, पाच लिटरच्या पिवळ्याधमक पानैवर सूट, आणि जुनी भांडी मोडीत आणून दिली तर आणखी सूट. कंपनीच्या तरुण मॅनेजरला चित्रात कुकरच्या झाकणाखालून दूध उसळताना हवं होतं. उतू जाणं हा या सणाचा प्राण आहे हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण झाकण लावलेल्या कुकरमधून काही उतू जात नाही. फेस वर चढून शिट्टीच्या नळीत अडकतो, शिट्टीतून वाफेऐवजी पांढरं पिठाळ पाणी फुरफुरायला लागतं, आणि ते दिसलं की गॅस बंद करायचा असतो. फेसाळणारी डाळ-तांदळाची खिचडी कुकरमध्ये अर्ध्याच्या वर भरू नये, ते याचसाठी. ते चित्र बघून एखाद्या नव्या सुनेनं कुकर काठोकाठ दुधानं भरला असता, तर?

मैलापूरला मी ज्यांच्याकडे राहत होते त्या मामी ऐंशीच्या घरात होत्या, माहेर कुंभकोणमजवळच्या एका खेड्यातलं. ऑफरचा कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सूट किती ते वाचलंच नाही. ‘पाच लिटर’ या अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “घरात माणसं किती?”

मग त्यांच्या लहानपणचा पोंगल निघाला. कुंभार मार्गळीतच नवी मातीची पानै आणून द्यायचा. पैसे कुणी देत नसे, मळणी झाली की त्याच्या वाट्याचं भात त्याला मिळायचं. जुनी मडकी भोगीला बाहेर जायची. अंगणात सडा, त्यावर तांदळाच्या पिठाचं कोलम, तीन विटांची चूल, पूर्वेकडे तोंड. पानैच्या गळ्याला हळदीचं ओलं रोप बांधलेलं. त्याची पानं दुसऱ्या दिवशीही लागायची, कारण कनूच्या सकाळी बायका हळदीच्या पानांवर रंगीत भाताचे मुटके मांडून भावांसाठी मागणं मागतात. पुढे मामींच्या थोरल्या बहिणीच्या तलै पोंगलला वडिलांनी ‘वेंगल पानै’ घेतली, म्हणजे काशाची. ओतीव आणि जड, टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखी घुमणारी.

दूध उतू कसं घालायचं, हे खरं तर मला आजीमुळे थोडं माहीत होतं. साताऱ्याला आमची आजी रथसप्तमीला तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून त्यावर मातीचं बोळकं ठेवायची आणि सूर्याकडे बघत दूध उतू जाऊ द्यायची. बोळकं एवढंसं, म्हणून पेलाभर दुधात ते काठोकाठ भरायचं. मामींचा हिशेब अगदी हाच होता, फक्त मोठ्या मापात.

घरात पाच-सहा माणसं असतील तर गोड पोंगलला एक वाटी नवा तांदूळ आणि पाव वाटी भाजलेली मूगडाळ पुरते. एवढं शिजायला दीड लिटरच्या आत-बाहेर आधण लागतं. पण तीन लिटरच्या पानैत दीड लिटर ओतलं तर ते तिच्या पोटातच राहतं. उकळेल, फेस येईल आणि भिंतीवरच विरून जाईल, गळ्याशी काही पोहोचणार नाही. म्हणून आधी पानै गळ्यापर्यंत भरतात. मामींच्या घरी अर्धा लिटर दूध आणि वर दोन लिटरच्या आसपास तांदूळ धुतलेलं दुसरं पाणी घालत. पहिलं पाणी धुळीचं, ते टाकायचं. दुसऱ्यात तांदळाचं पीठ उतरलेलं असतं आणि दुधाच्या सायीबरोबर ते वाफेला कोंडून धरतं. बुडबुडे फुटत नाहीत, एकावर एक रचत जातात. आवळलेल्या गळ्याशी त्यांना पसरायला जागा राहत नाही आणि फेस काठावरून बाहेर येतो. तोपर्यंत जाळ मोठा ठेवायचा आणि पळी आत घालायची नाही. फेस ओघळला की “पोंगलो पोंगल” असा घोष करायचा, कुणी शंख फुंकतं.

यानंतरची पायरी जाहिरातीत कुणीच दाखवत नाही. उतू गेल्यावर पळीपळीनं साधारण लिटरभर आधण बाजूच्या पातेल्यात काढून घ्यायचं, आणि मगच धुतलेले तांदूळ आणि डाळ आत सोडायची. काढलेलं आधण टाकायचं नाही, भात घट्ट होऊ लागला की त्यातलंच परत घालायचं. दाणा दोन बोटांत चिरडून बघायचा. आत पांढरा कण जाणवला तर अजून वेळ आहे. गूळ या परीक्षेनंतर. आधी घातला तर भात तिथेच अडतो, मग कितीही शिजवा, दाणा टणकच राहतो. गूळ वाटीला दोन वाट्या, थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घेतलेला, कारण त्यात हमखास कचकच असते. आणि तो घालताना जाळ अगदी मंद. रटरटणाऱ्या दुधात गूळ पडला तर दूध फाटायची भीती. वर तूप, काजू, बेदाणे, वेलदोडा आणि चिमटीत जेमतेम येईल एवढा खाण्याचा कापूर.

आता पाच लिटरचं भांडं घ्या. गळ्यापर्यंत भरायचं तर चार लिटरच्या वर दूध-पाणी लागणार, ते चढायला वेळ लागणार, आणि शेवटी त्यातलं निम्म्याहून जास्त काढून ठेवायचं. चार माणसांच्या घराला दोन-अडीच लिटरची पानै पुरते. “मोठं भांडं विकायला सोपं, उतू घालायला अवघड,” मामी म्हणाल्या.

शेजारच्या बाईंना मी विचारलं होतं की तुम्ही कोणती पानै वापरता. त्यांनी सांगितली न्यू जर्सीतल्या लेकीची हकिकत. तिला सीर म्हणून काशाची पानै सामानात घालून पाठवली, आणि तिथली इंडक्शनची शेगडी त्या भांड्याला ओळखेचना. लोहचुंबक न चिकटणारं भांडं त्यावर तापत नाही, कासं नाही, पितळही नाही. शेवटी लेकीनं चुंबक धरणाऱ्या बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात दूध उतू घातलं. पातेलं पसरट, म्हणून लिटरभर दूध जास्त लागलं. माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, पण ते मी टिपून घेतलं.

देवळाजवळच्या भांड्यांच्या दुकानातले अण्णाच्ची म्हणाले, पिवळं भांडं म्हणजे पिवळं भांडं, लोकांना काय करायचंय कासं की पितळ. कंपनीची पानै पितळेची होती, आणि पोंगलमध्ये चिंच नसते म्हणून ती चालते, असा त्यांचा मुद्दा. त्या एका दिवसापुरतं ते निम्मं खरं आहे. पण पोंगलला घेतलेली पानै घरात राहते, पुढच्या आठवड्यात तीत चिंचेचा भातही होतो, आणि पितळेला कल्हई नसेल तर आंबट बाधतं. काशाचं दुखणं निराळं. ते हातातून पडलं तर पितळेसारखा पोचा येत नाही, तडकतं.

मोडीच्या सवलतीवर मात्र मामींच्या घरातच दोन पक्ष होते. त्यांच्या नणंदेनं साठच्या दशकाच्या अखेरीस दारावर आलेल्या भांडेवाल्याला मामींच्या माहेरची काशाची पानै वजनावर देऊन टाकली आणि ‘एव्हरसिल्व्हर’ची दोन पातेली घेतली. स्टीलला तिकडे आजही तेच नाव आहे. मामींना हे आयुष्यभर लागलं. माहेरचं भांडं, आणि त्याची किंमत भंगाराच्या तराजूत! पण नणंद शांतपणे म्हणाल्या, “रोज चिंच आणि राख घेऊन ते घासत कोण होतं? मी. ज्या दिवशी स्टील आलं त्या दिवशी माझे हात सुटले.” मामी त्यावर काही बोलल्या नाहीत. दोघींपैकी कुणाची बाजू घ्यावी हे मला आजही ठरवता येत नाही.

मी जो मजकूर लिहिला, तो माझ्या तमिळ सहकाऱ्यानं तमिळमध्ये बसवला. त्याचा आशय असा होता:

“पोंगल उघड्या पानैत उतू जाऊ द्या. चार माणसांना अडीच लिटरची, पाच-सहांना तीन लिटरची. आधी गळ्यापर्यंत भरा, उतू गेल्यावर जास्तीचं आधण काढून मग तांदूळ घाला. ही पानै पितळेची आहे, आतून कल्हई केलेली. गोड नसलेल्या वेण पोंगलसाठी आमचा कुकर, अर्ध्याच्या वर न भरता. जुनं भांडं मोडीत देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा. लेकीला सीर पाठवायचं असेल तर तिची शेगडी कोणती ते आधी विचारून घ्या.”

मॅनेजरनं मापं ठेवली, पितळ हा शब्द ठेवला, कुकरचं चित्र बदललं. वडीलधाऱ्या बाईला विचारा, हे वाक्य त्यानं काढलं. त्यानं मोडीचा माल कमी येईल, असं तो म्हणाला. त्याच्या बाजूनं ते बरोबर होतं. पण मला ते वाक्य ऑफरमधलं सगळ्यात खरं वाक्य वाटत होतं, म्हणून ते इथे लिहून ठेवते आहे.

धारावीत पोंगलच्या सकाळी तमिळ बायका रस्त्याच्या कडेला ओळीनं चुली मांडतात, आणि मुंबईतल्या भांड्यांच्या दुकानांतही त्या सुमारास पानै दिसतात. तुमच्या शेजारी कुणाचा तलै पोंगल असेल आणि तुम्ही भेट म्हणून पानै घेणार असाल, तर दुकानातच तीत गळ्यापर्यंत पाणी भरून ते मापून बघा. लिहिलेले लिटर काठापर्यंतचे असतात. पोंगलला मोजायचं ते गळ्यापर्यंतचं.