प्रश्नकुंडली, चोरीला गेलेले मासे आणि 'घरातलाच कुणीतरी'

घरातला दागिना हरवला की पोलीस चौकीच्या आधी गुरुजींना फोन लावणारी घरं आपल्याकडे अजून भरपूर आहेत. गुरुजी जन्मवेळ विचारत नाहीत. फोन आला ती वेळ बघतात, त्या क्षणाची कुंडली मांडतात आणि सांगतात: "वस्तू घरातच आहे, घेणारा ओळखीचाच आहे." पुढे काय होतं हे आपल्याला माहीत आहे. घरात सगळ्यांत गरीब ओळखीचा माणूस कोण, तर धुणीभांडी करणारी बाई. तिचं काम जातं. दागिना सापडो न सापडो, तिच्यावरचा आळ वस्तीभर होतो.

म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. विषय 'ज्योतिष खरं की खोटं' हा नाही. त्यावर भांडून आपण सगळे थकलोय. मुद्दा एवढाच आहे: प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली चोराबद्दल नेमकं किती सांगू शकते, आणि ती कुठे संपते?

यासाठी मला सगळ्यांत चांगला वाटतो तो पावणेचारशे वर्षांपूर्वीचा एक इंग्लिश खटाटोप. विल्यम लिली हा लंडनचा त्या काळातला सगळ्यांत नावाजलेला ज्योतिषी. १६४७ साली त्याने 'ख्रिश्चन अ‍ॅस्ट्रॉलॉजी' नावाचा जाडजूड ग्रंथ छापला. प्रश्नकुंडलीवर इंग्रजीत इतकं तपशीलवार त्याआधी कुणी लिहिलं नव्हतं. या ग्रंथात त्याने स्वतःच्याच घरच्या चोरीची कुंडली सोडवून दाखवली आहे.

हकीकत अशी. १६३८ चा फेब्रुवारी. लिली तेव्हा लंडनबाहेर, थेम्स नदीकाठच्या वॉल्टन गावाजवळ राहत होता. ईस्टरआधीच्या उपवासात मांस चालत नाही, मासे चालतात. म्हणून त्याने लंडनहून मासे विकत घेतले आणि मालवाहू होडीने मागवले. शनिवारी, १० फेब्रुवारीला, होडीवाल्यांपैकी एकजण मासे न आणता बातमी घेऊन आला: काल रात्री आमची वखार फुटली, तुमचे मासे गेले. ही बातमी कानावर पडली ती नेमकी वेळ लिलीने धरली आणि कुंडली मांडली.

लग्न वृषभ. सातवं स्थान चोराचं. तिथे वृश्चिकेत गुरू, म्हणजे बळ नसलेला, परक्या ठिकाणी बसलेला ग्रह. तोच चोर. लिलीच्या वस्तूंचा स्वामी बुध, तो मीनेत. पुण्यसहम कर्केत. वृश्चिक, मीन, कर्क या तिन्ही जलराशी. म्हणून निष्कर्ष: चोर पाण्यावर पोट भरणारा, आणि माल कुठल्यातरी ओलसर, सखल जागी. मासे ही काही उंची वस्तू नाही, तेव्हा कुणी बडा माणूस यात हात घालणार नाही, हेही त्याने जोडलं.

आता सावकाश बघा. नदीकाठच्या वखारीतून मासे गेलेत. चोर पाण्याशी संबंधित असणार हे सांगायला किती कुंडली लागते? हे लिलीलाही कळत होतं. 'शास्त्राच्या जोडीला विवेक' वापरून आपण इथवर आलो, अशा अर्थाचं तो स्वतःच लिहितो.

पुढे वृश्चिकेतल्या गुरूच्या वर्णनाचा माणूस त्याने गावच्या होडीवाल्यांत शोधला. एकही जुळला नाही. मग तो कोळ्यांकडे वळला. सातव्याचा स्वामी मंगळ स्वतःची वृश्चिक रास सोडून पुढच्या राशीत जाण्याच्या बेतात होता. त्यावरून त्याने विचार केला की चोराने नुकतीच जमीन विकली असेल किंवा तो राहतं घर सोडून दुसरीकडे निघाला असेल. चौकशी केली. असा एक कोळी निघाला. धिप्पाड, गोरा, लालसर केसांचा, थेम्सच्या काठावर राहणारा. आणि चोरीचा संशय गावाला त्याच्यावर आधीपासून होताच!

लिलीने न्यायाधीशाकडून झडतीचं वॉरंट मिळवलं आणि आठवडाभर खिशात ठेवलं. कुणालाही बोलला नाही. रविवारी, १८ तारखेला, शिपाई आणि होडीवाला घेऊन त्या एकाच घराची झडती घेतली. काही मासे पाण्यात ठेवलेले सापडले, काही पोटात गेले होते. घरच्यांनी कबुली दिली. होडीवाल्याचं पोतंही तिथेच पडलं होतं, पण बाईने ते धुऊन स्वच्छ केल्यामुळे त्याला स्वतःचं पोतं ओळखता येईना. "माझं पोतं मिळालं तरी पुरे," असं तो म्हणाला, तेव्हा त्या घरातल्या बाईनेच सांगून टाकलं की नवऱ्याने माशांबरोबर आणलं तेवढं एकच पोतं आहे. लिलीचे सात पोर्तुगीज कांदेही गेले होते. ते काय आहे हे न कळल्यामुळे बाईने त्यांचं कालवण करून टाकलं होतं.

गोष्ट झकास आहे, आणि म्हणूनच ती अजून सांगितली जाते. पण यातलं कुंडलीने काय दिलं आणि गावाने काय दिलं, याची वेगळी मांडणी करून बघा.

कुंडलीने दिलं ते असं: पाणी, ओलसर जागा, एक ढोबळ अंगलट, आणि 'बदल' अशी खूण. गावाने दिलं ते असं: कोण कोळी आहे, कुणी जमीन विकली, कोण घर सोडतोय, कुणावर आधीपासून संशय आहे. वर्णन होडीवाल्यांत जुळलं नाही, तेव्हा लिलीने शोधाचं क्षेत्र बदललं, कुंडली नाही. 'रास सोडणारा मंगळ' याचा अर्थ धंदा बदलणारा किंवा गाव सोडणारा असाही लावता आला असता. ज्या अर्थाचा माणूस सापडला, तो अर्थ टिकला. आणि चोरी सिद्ध झाली ती गुरू-मंगळामुळे नाही. झडती, मासे आणि पोतं यामुळे झाली.

लिलीच्या बाजूने एक मान्य केलंच पाहिजे. त्याने नुसत्या कुंडलीवर कुणाचं नाव चव्हाट्यावर आणलं नाही. आठवडाभर गप्प बसला, कायद्याने गेला. पण त्या घरात मासे सापडलेच नसते तर? ती कुंडली ग्रंथात आली असती का? ग्रंथात त्याने सोडवून दाखवलेल्या तीसहून अधिक कुंडल्या आहेत, पण त्या त्यानेच निवडलेल्या. चुकलेल्या किती, याचा हिशेब त्यात नाही.

हा धोका तिथल्या कायद्यालाही कळत होता. हरवलेला किंवा चोरीचा माल कुठे आहे हे जादूने सांगायला इंग्लंडच्या १६०४ च्या कायद्याने बंदी होती. १६५५ मध्ये याच कायद्याखाली एका बाईने खुद्द लिलीवर फिर्याद केली: चोरीच्या मालाबद्दल सांगून अडीच शिलिंग घेतले म्हणून. तो सुटला, ही गोष्ट वेगळी.

आता आपल्याकडे येऊ. वराहमिहिराचा मुलगा पृथुयशस याची 'षट्पंचाशिका' हा प्रश्नशास्त्राचा छोटा, छप्पन्न श्लोकांचा, फार वापरला गेलेला ग्रंथ. त्यात चोरीचा नियम असा आहे: प्रश्नाच्या वेळी स्थिर रास उगवत असेल, किंवा लग्नाचा नवमांश स्थिर असेल, किंवा लग्न वर्गोत्तम असेल, तर वस्तू तिथेच आहे आणि ती आपल्याच माणसाने चोरली आहे.

मी याचा साधा हिशेब करून पाहिला. बारांपैकी चार राशी स्थिर: वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ. म्हणजे एक तृतीयांश वेळ तिथेच गेला. उरलेल्या आठ राशींत प्रत्येकी नऊ नवमांश असतात, त्यांतले तीन स्थिर. शिवाय प्रत्येक राशीत एक वर्गोत्तम. म्हणजे त्या राशींतही नऊपैकी चार भाग 'आपलाच माणूस' म्हणणारे. सगळी बेरीज केली तर एकूण १०८ नवमांशांपैकी ६८. राशी उगवायला कमीजास्त वेळ लागतो हे धरूनही, दिवसाच्या चोवीस तासांतले ढोबळमानाने पंधरा तास या नियमाचं उत्तर एकच: घरातलाच.

म्हणजे फोन कधीही लावा, दहापैकी सहा वेळा हेच ऐकू येणार. आणि ते बऱ्याचदा बरोबरही निघणार! कारण कुलूप न तुटता कपाटातली वस्तू जाते तेव्हा घेणारा बहुधा घरात ये-जा असलेलाच असतो. हे कुणीही हवालदार सांगेल. उत्तर खरं ठरतं, पण 'आपलाच' म्हणजे कोण, हे ते सांगत नाही. मुलगा, दीर, भाचा, कामवाली, की मालकीणबाईंनीच दुसऱ्या डब्यात ठेवून विसरलेलं? ही निवड कुंडली करत नाही, घरातली उतरंड करते.

दुसरी मर्यादा वेळेची. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं, आणि तेरा-चौदा मिनिटांत नवमांश बदलतो. मग क्षण कोणता धरायचा? चोरी कळली तो, फोन लागला तो, की गुरुजींना प्रश्न नीट समजला तो? लिलीने स्वतः बातमी ऐकल्याची वेळ धरली, दुसरा कुणी वेगळी धरतो. फोन नागपूरहून पुण्याला लावला तर कुंडली कुठली मांडायची? कृष्णमूर्ती पद्धतीत १ ते २४९ मधला आकडा विचारतात, त्याने लग्नाचा वाद मिटतो. पण मग लग्न आकाशातून नाही, विचारणाऱ्याच्या तोंडून येतं.

तिसरी मर्यादा जाणकार स्वतःच सांगतात. लिलीने लिहून ठेवलंय की लग्नाचे पहिले किंवा शेवटचे काही अंश उगवत असतील, किंवा सातव्यात शनी असेल, तर निवाडा देताना सांभाळा. आपल्या ग्रंथांतही पृच्छक खरा की कपटी हे आधी बघायला सांगितलंय. हे नियम उत्तर देण्याआधी लावले तर तो प्रामाणिकपणा. उत्तर चुकल्यावर आठवले तर ती पळवाट.

ज्यांना विचारायचंय ते विचारतीलच, मी कुणाला थांबवत नाही. फक्त एवढं करा. उत्तर मिळालं की तारीख-वेळ घालून वहीत लिहा आणि वस्तू सापडल्यावर पडताळा. दहा नोंदी झाल्या की तुमचं तुम्हालाच कळेल. आणि तोवर त्या उत्तरावरून कुणाची पिशवी तपासू नका, कुणाचा पगार अडवू नका, कुणाचं नाव सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. संशय असेल तर रीतसर तक्रार द्या. लिलीनेसुद्धा कुंडली घेऊन कोळ्याचं दार ठोठावलं नव्हतं, वॉरंट घेऊन ठोठावलं होतं.