तळटीप : भास्कराचार्यांचे चतुर्घात समीकरण

पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेल्या ‘बीजगणिता’त x⁴ − 2x² − 400x = 9999 हे उदाहरण आहे. भास्कराचार्य दोन्ही बाजूंस 4x² + 400x + 1 मिळवतात. मग (x² + 1)² = (2x + 100)² होते आणि x = 11 मिळतो. ही बेरीज केवळ अंतःप्रेरणेची, असा आक्षेप घेतला जातो. पण ती शोधण्याची रीत आहे. डावीकडे (x² + m)² घेतल्यास उजवीकडे (2m + 2)x² + 400x + m² + 9999 उरते. हा पूर्ण वर्ग होण्यासाठी (m + 1)(m² + 9999) = 20000 हवे. हेच साहाय्यक घन समीकरण, आणि m = 1 त्यात चपखल बसतो. वर्गमूळ घेताना ऋण चिन्ह विसरू नये: धन चिन्हाने 11 आणि −9, ऋणाने −1 ± 10i. येथे x³ चे पद मुळातच नाही; 4x³ असते तर आधी x = y − 1 ठेवून ते घालवावे लागले असते, कारण (y − 1)⁴ मधील −4y³ त्याला खोडतो. म्हणून भास्कराचार्यांना सर्वसाधारण रीत ठाऊक होती असे मात्र म्हणता येत नाही. घन समीकरणाचा हा मार्ग फेरारीचा, कार्दानोने 1545 मध्ये प्रसिद्ध केलेला.