न्यायालयातील मूळ दस्तऐवज परत मिळविण्याचा अर्ज : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

जमीन, वतन, दत्तक आणि देवस्थान यांसंबंधीच्या दाव्यांत सनदा, खरेदीखते, गहाणखते व जमाखर्चाच्या वह्या मूळ स्वरूपात न्यायालयापुढे दाखल होत आल्या आहेत. दाव्याचा निकाल लागतो. परंतु हे कागद घरी परततातच असे नाही. निकालानंतर ते परत मागण्याची तरतूद आणि तिचे इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीने महत्त्व यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्यातील तरतूद

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १३ मध्ये या विषयाचे नियम आहेत. नियम ४ नुसार पुराव्यात स्वीकारलेल्या दस्तऐवजावर दाव्याचा क्रमांक व शीर्षक, दाखल करणाऱ्याचे नाव, दाखल केल्याची तारीख आणि तो स्वीकारल्याची नोंद करून न्यायाधीशांची स्वाक्षरी किंवा आद्याक्षरे घेतली जातात. जो कागद पुराव्यात स्वीकारलाच जात नाही, तो नियम ७ नुसार दाखल करणाऱ्यास परत दिला जातो. स्वीकारलेल्या दस्तऐवजाचा प्रश्न नियम ९ मध्ये येतो. निकालावर अपील होऊ शकत नसेल तर दावा निकाली निघताच, आणि होऊ शकत असेल तर अपिलाची मुदत संपल्यावर अथवा दाखल झालेल्या अपिलाचा निर्णय झाल्यावर, दस्तऐवज परत मिळण्याचा हक्क प्राप्त होतो. हा हक्क दस्तऐवज दाखल करणाऱ्याचा आहे. मग तो दाव्यातील पक्षकार असो वा नसो. दस्तऐवजाचा अंतिम मालक कोण, याचा निवाडा या टप्प्यावर होत नाही.

एक उदाहरण

समजा, तालुक्याच्या ठिकाणच्या दिवाणी न्यायालयात इनाम जमिनीचा दावा चालला आणि त्यात एका देवस्थानाने, स्वतः पक्षकार नसताना, समन्सनुसार मोडी लिपीतील मूळ सनद दाखल केली. तिला निशाणी क्रमांक ३२ मिळाला. निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार ३० दिवसांची आहे. नकला मिळविण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो. अपील झाले नाही, तर देवस्थानाने अर्जात दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख, निशाणी क्रमांक, सनदेचे वर्णन व अपील प्रलंबित नसल्याची माहिती द्यावी. आदेश झाल्यावर सनद ताब्यात घेताना पोच द्यावी लागते.

मुदत संपण्यापूर्वीही सनद मिळू शकते. पक्षकाराने प्रमाणित नक्कल आणि पक्षकार नसलेल्याने मुळाशी ताडून पाहिलेली साधी नक्कल तिच्या जागी द्यावी, तसेच आवश्यकता भासल्यास मूळ प्रत हजर करण्याची हमी द्यावी, अशी अट आहे. मात्र नियम ८ नुसार न्यायालयाने अडकवून ठेवलेला कागद, किंवा हुकूमनाम्यामुळे पूर्णतः निरर्थक अथवा रद्दबातल ठरलेला कागद, या मार्गाने मिळत नाही.

मूळ प्रत का हवी?

नक्कल हाती असताना मूळ प्रतीचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न संभवतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम ९० नुसार योग्य ताब्यातून आलेल्या ३० वर्षे जुन्या दस्तऐवजावरील स्वाक्षरी व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही ही तरतूद कायम आहे. परंतु हे गृहीतक मूळ प्रतीपुरतेच असून नकलेला लागू नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९३५ साली बसंतसिंह विरुद्ध ब्रिजराज सरन सिंह या प्रकरणात स्पष्ट केले. मूळ सनद नष्ट झाल्यास नक्कल दुय्यम पुरावा म्हणून पुढे आणता येते. पण मूळ सनद कोणी लिहिली, हे स्वतंत्रपणे सिद्ध करण्याचा भार वाढतो. लेखक व साक्षीदार हयात नसताना हा भार पेलणे कठीण असते.

इतिहास संशोधकाचे नुकसान याहून वेगळे आहे. नकलेत मजकूर उतरतो. कागद, शाई, शिक्का आणि हस्ताक्षराचे वळण उतरत नाही.

अभिलेख कक्षाची मर्यादा

न्यायालयाचा अभिलेख कक्ष म्हणजे पुराभिलेखागार नव्हे. १९१७ च्या अभिलेख नष्ट करण्याविषयीच्या अधिनियमाने उच्च न्यायालयांना अनावश्यक कागदपत्रांच्या विल्हेवाटीचे नियम करण्याचा अधिकार दिला. प्रकरणाची संचिका नष्ट करण्याची वेळ आली असता मूळ कागद तिच्यात पडून असतील, तर त्यांनाही तोच धोका संभवतो.

निष्कर्ष

परत आलेल्या दस्तऐवजावरील निशाणीचा शेरा संशोधकाने दुर्लक्षू नये. तो कागद कोणी, केव्हा आणि कोणत्या वादात पुढे आणला, हे त्यावरून कळते. दस्तऐवज स्वीकारला गेला एवढेच हा शेरा सांगतो. त्यातील मजकूर सत्य ठरला असे नव्हे. ते पाहण्यासाठी निकालपत्रच वाचावे लागते. ज्या घराण्यांच्या अथवा संस्थांच्या संग्रहातील एखादी सनद हरवल्याचे सांगितले जाते, तिचा शोध जुन्या दाव्याचा क्रमांक आणि परतीची पोच यांपासून सुरू करणे श्रेयस्कर ठरेल.